माझ्या अंगावरचा दुसरा सांधा

मी एक जुने, लांबलचक टेबल आहे. कपडा बेतण्याचे टेबल. तुम्ही माझ्या पृष्ठभागावरून हात फिरवलात, तर मधोमध एक बारीक रेघ लागेल. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच काय ती कळते. ती सुताराची रेघ. तिच्यापासून वीतभर अंतरावर मात्र दुसरी रेघ आहे. ती लांबूनही दिसते. मित्रांनो, या दुसऱ्या रेघेची हकीकत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला नाही. तो झाला तळमजल्यावरच्या एका भाड्याच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली. त्या खोलीत राहणारी बाई पडदे शिवत असे. खिडक्यांचे, दारांचे, दवाखान्यातल्या खाटांभोवतीचे. पडद्याचे कापड एका लांबीत पसरावे लागते. जमिनीवर पसरून ओणव्याने कापता कापता तिची कंबर धरू लागली, तेव्हा तिने सुताराला बोलावले. सुतार म्हातारा आणि बोलका होता. दाराची चौकट पाहून तो म्हणाला, "ताई, एवढं लांब टेबल या दारातून आत यायचं नाही. दोन भागांत आणतो आणि इथंच जोडतो."

तसेच त्याने केले. माझे दोन भाग एकमेकांत बसवले आणि खालून चार लाकडी पाचरी ठोकल्या. एकही खिळा नाही. पाचरींवर आडवी पट्टी लावून त्याने त्या झाकल्या, कारण बाईच्या मुलीला टेबलाखाली घर-घर खेळायची सवय होती. मग बाईला खाली वाकायला लावून तो म्हणाला, "हे नीट बघून ठेवा. घर बदललंत तर ही पट्टी काढायची आणि पाचरी उलट्या बाजूनं ठोकायच्या. टेबल दोन भागांत सुटेल. करवत लावायची वेळ कधी येणार नाही."

बाईने बघून ठेवले. तिचा नवरा त्या वेळी कामावर होता.

त्यानंतरची वर्षे सुखाची गेली. माझ्यावर जाड कापड ताणून बसवलेले होते. त्यावर खडूच्या रेघा उमटत, कात्री चाले, टाचण्या सांडत. एका टोकाला मुलगी अभ्यास करी. रस्त्यावरून जाणारी माणसे खिडकीतूनच विचारत, "ताई, झाले का आमचे पडदे?" आणि ताई कात्री न थांबवता म्हणे, "झाले नाहीत, पण होणार आहेत. आत या, बसा." नवीन गिऱ्हाइके माझ्यावर हात आपटून म्हणत, "टेबल मजबूत आहे हो." अशा वेळी मला फार बरे वाटे.

आता तिच्या नवऱ्याविषयी. तो लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर होता. मनाने वाईट मुळीच नव्हता. मुलीचा ताप उतरेपर्यंत तिच्या उशाशी बसून राहणारा बाप होता. पण त्याच्या कामाने त्याला एक सवय लावली होती. दोन मजल्यांच्या मध्ये माणसे अडकली, की काय करायचे ते त्याने एकट्याने आणि ताबडतोब ठरवायचे असे. हीच सवय तो डब्याच्या पिशवीबरोबर घरी घेऊन येई. एकदा त्याने जुनी नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत नोकरी धरली, आणि बाईला ते नव्या गणवेशावरून कळले. एकदा दोघांच्या बचतीतली रक्कम कामावरच्या मित्राला उसनी दिली. मित्राने ती हळूहळू फेडली, पण त्या वर्षी बाईचे नवे शिलाई यंत्र राहून गेले. विचारले की त्याचे उत्तर ठरलेले असे. "सांगणारच होतो." आणि बाई रागावलीच, तर तो हसून म्हणे, "लिफ्टमध्ये माणसं अडकली की मी काय आधी बैठक बोलावतो?"

"आपण लिफ्टमध्ये अडकलोय का?" असे ती एकदा म्हणाली होती. त्याने ते थट्टेवारी नेले.

मग तो फोन आला. बाई दवाखान्याचे पडदे कापत होती. पलीकडून बँकेतला माणूस बोलत होता; कापड धरायला हात मोकळे हवेत म्हणून तिने फोन माझ्यावर ठेवून आवाज मोठा केला होता, त्यामुळे मीही सारे ऐकले.

"घराच्या कर्जासाठी तुमचे उत्पन्नाचे कागद राहिलेत, मॅडम. आणि सही."

"कुठलं घर?"

तो गडबडला. "पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट. इसार देऊन झालाय. साहेबांच्या एकट्याच्या पगारावर एवढं कर्ज बसत नाही, म्हणून तुम्ही सहकर्जदार. मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलेलं आहे."

बाईने फोन ठेवला. कापडात अर्ध्यावर रुतलेली कात्री तिने बाहेर काढली नाही.

संध्याकाळी नवरा आला, तो खुशीत होता. कात्री पाहून थबकला.

"बँकेचा फोन आला होता," बाई म्हणाली.

"अरेच्चा. त्यांनी सगळी मजा घालवली. अगं, मी तुला नेऊन दाखवणार होतो."

"इसार कुठून दिलास?"

"आपल्या खात्यातून. कुणाही एकाच्या सहीनं चालतं ना ते."

"ते आजारपणासाठी तसं ठेवलं होतं. एक जण पडला तर दुसऱ्याचं अडू नये म्हणून." ती शांतपणे बोलत होती. "सही केली तर ते कर्ज माझंही होईल. तुझा हप्ता चुकला तर बँक माझ्या दारात येईल. आणि पाचव्या मजल्यावर, गावाच्या त्या टोकाला, माझ्या खिडकीशी थांबून पडदे कोण विचारणार?"

"तिथंही माणसंच राहतात गं. आणि किती दिवस भाडं भरायचं? उजेड काय सुरेख आहे तिथं."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

त्याने डब्याची पिशवी खाली ठेवली. मग खरे बोलला. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माझं उत्तर तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "ते नको होतं म्हणून प्रश्नच टाळलास."

दुसऱ्या दिवशी घरमालकीण आल्या आणि खोली कधी रिकामी होणार ते विचारू लागल्या. नवऱ्याने त्यांनाही तोंडी कळवून टाकले होते. बाईचा चेहरा पाहून त्या ओशाळल्या. "मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलंय." भाड्याच्या करारावर दोघांच्या सह्या होत्या, म्हणून बाईने त्यांना हात जोडून एवढेच सांगितले, की दोघांचे लेखी पत्र येईपर्यंत काही ठरले असे धरू नका.

पुढे काही दिवस घरात भांड्यांचाच आवाज तेवढा होई. तरीही, मित्रांनो, बाईने दार बंद केले नाही. ती एकटीच जाऊन तो फ्लॅट पाहून आली. शेजारच्या इमारतींमध्ये पडद्यांविना खिडक्या किती आहेत, तेही तिने पाहिले. परत आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "उजेड खरंच चांगला आहे. मला विचार करायला थोडा वेळ दे. हप्ता कसा भरायचा ते मांडून बघू. आणि माझं टेबल तिथं यायला हवं. त्याच्याशिवाय मी तिथं काय करू?"

"टेबलाचं माझ्यावर सोड," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

दोन दिवसांनी बाई मुलीला शाळेतून घेऊन परस्पर दवाखान्यात पडदे लावायला गेली. नवऱ्याने त्या दिवशी रजा घेतली. त्याने फीत काढून माझी लांबी मोजली. नव्या इमारतीतल्या लिफ्टचे आणि जिन्याच्या वळणाचे माप त्याच्याजवळ होतेच. मापात तो कधी चुकत नसे. मी तिथे मावणार नव्हते. मग त्याने माझ्यावरचे कापड काळजीपूर्वक सोडवून त्याची घडी घातली, एक सरळ रेघ आखली आणि करवत लावली.

मला ओरडता येत नाही. पट्टीआडच्या पाचरी तिथेच होत्या, त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. त्याने वाकून पाहिले नाही. तो हलकेच शीळ घालत होता. सुताराच्या सांध्यापासून वीतभर अंतरावर त्याने मला आरपार कापले. पितळी बिजागऱ्या आणि दोन नवे पाय त्याने आधीच आणून ठेवले होते. त्या बिजागऱ्या चांगल्या होत्या, महागाच्या. बायकोवर माया नसती, तर त्याने साध्या आणल्या असत्या.

बाई आली तेव्हा तो भुसा गोळा करत होता. "बघ," तो म्हणाला, "आता घडी होईल. लिफ्टमधून आरामात जाईल. तुझी अडचण मिटली."

 बाई जमिनीवर बसली, माझ्याखाली वाकली, आडवी पट्टी काढली आणि हातोडी घेऊन पहिली पाचर उलट्या बाजूने ठोकली. मग दुसरी. चौथी निघाली तेव्हा माझा सुताराने जोडलेला सांधा अलगद सुटला. फडताळाचा कप्पा ओढावा, तसा.

नवरा हातात भुशाचे सूप धरून उभा होता.

"मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला.

"मला होतं."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी?" ती अजून खालीच बसली होती. "एक प्रश्न होता रे. 'टेबल कसं न्यायचं?' मी नाही म्हणणार नव्हते. सहीसुद्धा करणार होते बहुतेक. म्हणजे आज मी नकार देईन याची भीती तुला नव्हतीच. तरी तू विचारलं नाहीस."

मुलगी दारात दप्तर धरून उभी होती. तिची अभ्यासाची जागा कापली गेली होती.

बाईने सही केली नाही. विकत घेणाऱ्याने माघार घेतली, म्हणून विकणाऱ्याने इसार परत केला नाही. करारात तसेच होते. नवऱ्याने पुष्कळ दिवस तोंड फिरवले. बाईने खात्याची पद्धत बदलायला सांगितली. आता मोठी रक्कम काढायला दोघांच्या सह्या लागतात. त्या कागदावर त्याने सही केली, पण मान वर न करता. त्यांचे सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. कधी तो दारातूनच म्हणतो, "एक विचारायचं होतं," आणि बाई हातातले काम ठेवते. कधी तो बोलता बोलता मध्येच थांबतो, आणि आणखी काही ठरवून बसला आहे की काय, या शंकेने तिचा चेहरा आक्रसतो. म्हाताऱ्या सुताराने मला पुन्हा जोडले. "माझा सांधा होता तसा बसला," तो म्हणाला. "हा दुसरा मात्र दिसत राहणार."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाबरोबर तरी घर कराल. ज्या वस्तूवर दोघांचे हात टेकतात, तिला हात घालण्याआधी दुसऱ्याला विचारा. उत्तर नको असेल तेव्हा तर नक्की विचारा. आणि त्याच्याच भल्यासाठी करता आहात अशी खात्री असेल, तेव्हाही विचारा. माझ्यावर करवत चालली ती अशाच खात्रीने.

अजूनही बाई माझ्यावर पडदे कापते. पहिल्या सांध्यावरून कात्री सरसर निघून जाते. दुसऱ्याशी आली की कापड अडकते, ती हात उचलते, रेघ ओलांडते आणि पुढे कापू लागते. तेवढा वेळ खोली शांत होते. नवरा घरात असला, तर हातातले काम थांबवून कात्री पुन्हा सुरू होईपर्यंत तसाच उभा राहतो.