साखळीची बाजू

बायको गेल्याचं कळलं तेव्हा माझे हात ग्रीसने माखलेले होते. मंगळवार होता, सकाळचे अकरा. दुकानात एका सायकलचं मागचं चाक उतरवून बसलो होतो. फोन तिच्या कारखान्यातून आला. तिथे ती औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायची. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही लगेच या." मी म्हणालो, "एवढं चाक बसवतो आणि निघतो." त्या काहीच बोलेनात. तेव्हा मला समजलं.

घरी येऊन आजींना सांगितलं. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. आमची मुलगी झाल्यापासून घरात सगळेच त्यांना आजी म्हणतात. त्या पालक निवडत होत्या. ऐकल्यावर त्यांनी हातातली जुडी पूर्ण निवडली, मगच उठल्या.

तेराव्याला, रविवारी, कारखान्यातल्या बायका घरी येणार होत्या. तोवर फ्रेम करायची होती. मोबाइलमध्ये तिचा एकही धड फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ती तळहात पुढे करायची.

"बाबा, आईचे तीनशे फोटो आहेत," मुलगी म्हणाली, "आणि तीनशेच्या तीनशे पंजे."

हसली आणि रडायला लागली. मग आजींनी कपाटातून बिस्किटाचा जुना डबा काढला. त्यात लग्नाआधीच्या सात प्रिंट निघाल्या.

"फोटो मी निवडणार," आजी म्हणाल्या. "माझी मुलगी आहे."

मी डबा त्यांच्यापुढे सरकवला.

त्याआधीच्या बुधवारी आजी आणि मी दोन गल्ल्या पलीकडच्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने भिंग काढलं आणि एकेक प्रिंट दिव्याखाली धरली. शाळेचा ग्रुप फोटो त्याने लगेच बाजूला ठेवला.

"आजी, यात चेहरा वाटाण्याएवढा आहे. फ्रेमएवढा केला की डोळ्यांच्या जागी दोन डाग दिसतील. कागदावर जे उतरलंच नाही ते मशीन कुठून आणणार?"

ओळखपत्राच्या फोटोचा कागद खरखरीत होता. बोट फिरवलं की बारीक जाळी लागायची. ती जाळी स्कॅनमध्ये चेहऱ्यावर उतरते म्हणे.

"नाहीतरी हा नकोच," आजी म्हणाल्या. "फी भरायची राहिलीय असं तोंड केलंय."

एक फोटो जुन्या फ्रेमच्या काचेला चिकटला होता. मी नखाने कड उचलायला गेलो, तसा फोटोवाला ओरडला, "दादा, ओढू नका! वरचा थर काचेवर राहील, तुमच्या हातात कोरा कागद येईल."

दोन तांबूस पडले होते. रंग थोडेफार परत आणता येतील, पण कातडीचा रंग अंदाजाने भरावा लागेल, असं तो म्हणाला. सहाव्यात डोळे मिटलेले होते.

सातवा सायकलचा. एकवीस वर्षांची ती, सायकलला टेकून उभी. गुळगुळीत कागद, चेहरा कोटाच्या बटणाएवढा आणि डोळ्यांतली चमकसुद्धा स्पष्ट. आजींनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"हीच," त्या म्हणाल्या. "ही माझी."

मी मान डोलावली. पण मला ती माझी वाटेना. नाक तेच, कपाळ तेच, डोळेही तेच, तरी कुणीतरी लांबची नातेवाईक बघतोय असं वाटत होतं. घरी आल्यावर मला एका जागी बसवेना. या खोलीतून त्या खोलीत जायचो, नळ उघडायचो, बंद करायचो.

"बाबा, तू बस रे," मुलगी म्हणाली. "तुला बघून मला चक्कर येतेय."

बसलो आणि पुन्हा उठलो. मनात एकच घोळत होतं. वीस वर्षं जिच्याबरोबर काढली तिचा चेहरा मी आठ दिवसांतच विसरायला लागलो की काय?

गुरुवारी दुकान उघडलं, कारण ते चाक तसंच पडलं होतं. फोटोवाल्याने पूर्ण स्कॅन मोबाइलवर पाठवला होता. मोबाइल स्टुलावर टेकवला आणि साखळी चढवायला घेतली. समोर सायकल, शेजारी फोटोतली सायकल. माझा हात थांबला.

सायकलची साखळी उजव्या अंगाला असते. साखळीच्या बाजूने पाहिलं तर पुढचं चाक आपल्या उजव्या हाताला येतं. फोटोत साखळी दिसत होती आणि पुढचं चाक डाव्या हाताला होतं. आयुष्यभर साखळ्या चढवल्या आणि एवढं दिसलं नाही. कारण मी सायकलकडे पाहिलंच नव्हतं. मग गालावरचा तीळ पाहिला. तोही भलत्या गालावर.

तसाच ग्रीसच्या हातांनी फोटोवाल्याकडे गेलो.

"अरेच्चा," तो म्हणाला. "निगेटिव्ह पालथी घालून छापलीय. तेव्हा व्हायचं असं. सरळ करू? एक बटण दाबायचं काम."

त्याने बटण दाबलं. पडद्यावर ती आली. माझी बायको.

"हाच छाप," मी म्हणालो. "आणि आजींना काही बोलू नकोस. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांना काही कळायचं नाही."

शनिवारी फ्रेम घरी आणली. कागद सोडला. आजींनी पाहिलं आणि हात मागे घेतला.

"ही कोण?"

"आजी, तुम्ही निवडलेलाच फोटो आहे."

"जावईबापू, मला डोळ्यांनी कमी दिसतं. मनाने नाही. काय केलंत?"

मी सांगितलं. निगेटिव्ह, साखळी, तीळ. माझा आवाज चढला होता. "ही खरी आहे, आजी! ती उलटी होती!"

आजींनी कपाटाच्या आरशाकडे बोट दाखवलं.

"शाळा सुटेपर्यंत आणि नंतर नोकरीला लागेपर्यंत रोज मी तिची वेणी घातली," त्या म्हणाल्या. "ती आरशासमोर, मी तिच्या मागे. गप्पा, भांडणं, रडणं, सगळं आरशातच. तिला समोर बसवून बघायला मला वेळ कधी होता? माझी मुलगी आरशातली आहे. तुमची समोरची."

मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "मग आता?"

मला मान वर करता येईना. न विचारता बदलली, हे खरंच होतं. "मी आत्ता जातो," मी म्हणालो, "पहिल्यासारखा छापून आणतो. तुम्ही निवडलाय."

"थांबा. सारखे उठू नका." आजींनी फ्रेम उचलून मांडीवर घेतली. काचेवर बोट ठेवून तीळ शोधला. "उद्या येतील त्या बायका तिच्या समोर बसून काम करायच्या. त्यांना हीच पाहिजे. ही राहू दे. फक्त कपाटाच्या आरशाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लावा. मी आरशात बघेन."

मुलीने फ्रेम आरशासमोर धरली. आजी आरशाजवळ गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी फ्रेमकडे बघत होतो, त्या आरशाकडे.

रविवारी बायका आल्या आणि गेल्या. तेव्हा फ्रेम खुर्चीवर टेकवली होती. समोरची भिंत काँक्रीटची आहे, खिळा वाकतो. ड्रिल लागेल. ड्रिल माझ्या दुकानात आहे, घरापासून चार मिनिटांवर. याला आता तीन आठवडे झाले. मुलगी रोज संध्याकाळी फ्रेम हातात धरून भिंतीशी उभी राहते आणि आजी आरशात बघतात. हे बघायला मी दुकानातून वेळेवर घरी येतो, रिकाम्या हातांनी.

भोक अजून पाडायचं राहिलं आहे.