कळवण्यात येईल

ऑफिसात मला ‘काना-मात्रा’ म्हणतात. माझ्या मागे म्हणतात, पण भिंती पातळ आहेत. आरोग्य सर्वेक्षणांची माहितीपत्रकं आणि संमतीपत्रं सोप्या भाषेत लिहिणं हे माझं काम. त्या सोमवारी मी एकाच वाक्यावर अडून बसले होते.

‘तपासणीत काही आढळल्यास आवश्यकतेनुसार कळवण्यात येईल.’

दोन वर्षांपूर्वीच्या पत्रकातून ते जसंच्या तसं उचललेलं होतं. दिसायला अगदी गरीब गाय. शुक्रवारी नवं पत्रक नैतिकता समितीपुढे जाणार होतं, आणि समितीनं होकार दिला की तेच वाक्य चार हजार घरांत वाचून दाखवलं जाणार होतं.

मागच्या वेळी ते माझ्या आत्याच्या घरी वाचलं गेलं. तिनं सही केली, रक्त दिलं आणि वाट पाहिली. कोणी आलं नाही, म्हणजे आपल्याला साखर नाही, असं तिनं धरलं. काय चुकलं तिचं? पायाला जखम झाली तेव्हाही ती बिनधास्त राहिली. पुढे डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

ते वाक्य मी लिहिलं होतं. आत्याला हे सांगायची माझी हिंमत झाली नव्हती.

सर्वेक्षणाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम. त्यांच्या टेबलासमोर बसून मी विचारलं, कळवणार कोण? टीम, म्हणाल्या. टीममधलं कोण? मग हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रयोगशाळा निकाल पाठवते ते नुसत्या नंबरावर. कुठला नंबर कोणाचा, ती यादी कुलुपात. आणि कुलूप उघडून घरोघरी जाणं हे कोणाचंच काम नव्हतं. मागच्या वेळीही नव्हतं.

“समितीला हे वाक्य चालतं,” मॅडम म्हणाल्या.

“चालणारच. ‘ण्यात येईल’ला कर्ता नसतो. त्याच्या आड कोणीही लपू शकतं. मीसुद्धा लपले होते.”

मी दोन कागद पुढे ठेवले. एकावर लिहिलं होतं, ‘तुमच्या रक्ताचा निकाल आम्ही तुम्हाला सांगणार नाही. साखरेची शंका असेल तर दवाखान्यात वेगळी तपासणी करून घ्या.’ दुसऱ्यावर, ‘साखर वाढलेली असो वा नसो, आमच्या नर्स तीन आठवड्यांत घरी येऊन तुमचा निकाल सांगतील.’

पहिलं वाचून निम्मी दारं बंद होतील, मॅडम म्हणाल्या. दुसऱ्याला माणसं कुठून आणायची? बाई वाईट नव्हत्या. या सर्वेक्षणासाठी त्यांनी दोन वर्षं उंबरठे झिजवले होते, आणि मला त्यांची कीवही येत होती. पण मी उठले नाही. यांतलं जे खरं करणार असाल ते निवडा, तिसरं वाक्य माझ्याकडे नाही, म्हटलं.

शेवटी घरोघरी रक्त घ्यायला जाणाऱ्या नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी दोन्ही कागद उभ्या उभ्या वाचले. दुसऱ्या फेरीचे प्रश्न विचारायला आम्ही त्याच घरांत जातोच, म्हणाल्या, तेव्हा बंद पाकिटातून निकालही देऊ. फक्त यादी माझ्या ताब्यात द्या आणि फेरी तीन आठवड्यांच्या आत लावा. मॅडमनी पहिला कागद फाडला. नुसतं पत्रक बदलून भागणार नव्हतं. कामाची आखणीही बदलून समितीला द्यावी लागली, आणि तीही मॅडमनी स्वतः लिहायला घेतली.

बुधवारी पत्रक लोकांवर पारखलं. ‘समजलं का?’ असं मी कधीच विचारत नाही. त्याला सगळे हो म्हणतात, मीही बँकेत म्हणते. ऐकलेलं तुमच्या शब्दांत सांगा, म्हणते. दवाखान्याच्या बाकावरच्या तिघींनी नीट सांगितलं. संध्याकाळी मी आत्याकडे गेले.

आत्या पाय स्टुलावर ठेवून ऐकत होती. मग तिनं बोटांवर मोजत सांगितलं: रक्त द्यायची जबरदस्ती नाही. नाही म्हटलं तरी दवाखान्यातलं औषध बंद होणार नाही. मध्येच नको वाटलं तर थांबता येतं. आणि नर्स तीन आठवड्यांत येणार.

“आणि नाही आली तर?”

इतकी भांडले, आणि हे सुचलं नव्हतं. मी तिथेच लिहिलं, ‘तीन आठवड्यांत कोणी आलं नाही तर सगळं ठीक आहे असं समजू नका. या नंबरवर फोन करा.’ लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं.

“आत्या, मागचा कागदही मीच लिहिला होता.”

ती चष्मा पुसत राहिली. “माहीत आहे. वाचून दाखवायला आलेली मुलगी म्हणाली होती, तुमच्या भाचीनं लिहिलंय. म्हणून तर मी पुढे कोणाला विचारलं नाही.”

मला रडू आवरेना. आत्यानं मला रडू दिलं. मग चष्मा लावून कागद डोळ्यांजवळ नेला आणि परत माझ्याकडे सरकवला.

“हा नंबर मोठा कर,” ती म्हणाली. “मला दिसत नाहीये.”