सहा पॉइंट शून्य

माझा राग माझ्या आधी बोलतो, हे घरचे नेहमी म्हणतात. त्या दिवशी तो भोरच्या आमच्या कॉलेजच्या शेडमध्ये, साऱ्या वर्गासमोर बोलला.

कृषी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला संजीवनीचा आणि माझा मिळून एक प्रकल्प होता: मातीशिवाय, पाण्यावर पालक. प्लास्टिकच्या पाइपांत रोपं आणि खाली शंभर लिटरची टाकी. टाकीत खताचं द्रावण, मोटर ते पाणी पाइपांतून फिरवत राहायची. रोज दोन गोष्टी मोजायच्या. ईसी म्हणजे पाण्यात खताचे क्षार किती आहेत ते, आणि पीएच म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते. मार्गासनीहून पहिल्या एसटीनं येणारी संजीवनी ईसीचं आणि पीएचचं पेन, म्हणजे पेनाएवढी मोजयंत्रं, पाण्यात बुडवून आकडे वहीत लिहायची. संध्याकाळी सगळं आवरून ठेवायचं काम माझं.

तिसऱ्या आठवड्यात पालक पिवळा पडला. पिवळा म्हणजे उपाशी, हे आमच्या शिवरे गावात कुणीही सांगेल. मी खताची अ आणि ब ही दोन्ही द्रावणं मापटं भरभरून ओतली. ईसी दोनवरून तीनच्या जवळ गेली, पानांच्या कडा करपल्या आणि भर दुपारी रोपं माना टाकू लागली. मूळ पाणी पिणार कसं, एवढ्या खारात! साधं पाणी घालून ईसी पुन्हा दोनवर आणली, तरी पिवळेपणा तसाच.

सर वर्ग घेऊन शेडमध्ये आले. त्यांनी एक रोप वर काढलं.

"खालची जुनी पानं हिरवी आहेत. नत्र कमी असतं तर आधी तीच पिवळी पडली असती. इथं कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. ही लोहाची कमतरता. जुन्या पानातलं लोह नव्या पानाकडे जात नाही."

"पण लोह तर टाकीत आहे, सर," मी म्हणाले.

"आहे. पीएच साडेसहाच्या वर चढला की ते मुळांना घेता येत नाही."

त्यांनी टाकीतलं पाणी काचनळीत घेऊन रंग बदलणारे थेंब टाकले. रंग साडेसातच्या जवळचा आला. मी वही उघडली. पंधरा दिवस, रोज, संजीवनीच्या अक्षरात: ६.०, ६.०, ६.०.

"घरी बसून आकडे लिहिलेस ना?" मी ओरडले. "सर, हिचं नाव काढा प्रकल्पातून. हिच्यासोबत मी नाही करणार."

संजीवनीचा चेहरा उतरला. "म्या रोज मोजलंय," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. दोन दिवस आलीच नाही. सर म्हणाले, सोमवारपर्यंत मिटलं नाही तर नावं वेगळी करू. नाव गेलं की तिचं वर्ष जाणार होतं.

तिसऱ्या सकाळी मी स्वतः मोजायला बसले, तिचं खोटं उघडं पाडायला. पीएचच्या पेनावर आकडा आला सहा. सरांच्या थेंबांनी तर साडेसात दाखवलं होतं. प्रयोगशाळेतून सातचं बफर आणलं, म्हणजे ज्याचा पीएच पक्का सात असतो ते पाणी. पेन म्हणालं ६.१. चारच्या बफरमध्ये म्हणालं ५.८.

पेन मेलं होतं, आणि मारलं होतं मी. पहिल्याच संध्याकाळी त्याच्या टोपणात पाणी साचलेलं दिसलं; घाण समजून मी ते ओतून दिलं. मग रोज रुमालानं दोन्ही पेनं पुसून कोरडी ठक्क ठेवली. ईसीच्या पेनाला ते चालतं. पीएचच्या पेनाचा काचेचा मणी मात्र टोपणातल्या त्या द्रावणात ओलाच लागतो. मला माझ्या टापटिपीचा केवढा अभिमान होता!

दुपारच्या एसटीनं मार्गासनी गाठली. संजीवनी अंगणात तिच्या आई रतनबाईंबरोबर वाल सोलत होती. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, रडलेही.

ती वाल सोलतच राहिली. "बोललीस वर्गात. आन् माफी हितं, अंगणात?"

सोमवारी वर्गासमोर मी उभी राहिले. पेन कुणी सुकवलं, कुणावर आळ घेतला, सगळं सांगितलं. लाज वाटत होती आणि ती वाटायलाच हवी होती. संजीवनीचं नाव राहिलं.

नवं पेन आलं. फॉस्फोरिक आम्ल थोडं थोडं टाकत आम्ही पीएच सहावर आणला. आठवड्यात नवी पानं हिरवी फुटली. संजीवनी पुन्हा पहिल्या एसटीनं येते, माझ्याशी बोलते, डब्यातली भाकरी देते.

फक्त मोजून झालं की लगेच लिहीत नाही. पेनाचा आकडा आधी माझ्यासमोर धरते.

"नको गं दाखवूस," मी म्हणते.

"बघ."

मी बघेपर्यंत ती वही उघडत नाही.