पाठवणीतलं नाव

माइकच्या तोंडावरचा लाल स्पंज ओलसर होता, कुणाकुणाच्या थुंकीनं – आणि विठाला आपला आवाज त्यात शिरून दुसऱ्याच कुणाचा होऊन बाहेर पडतोय असं वाटत राहिलं. बुवापाड्यातल्या या गल्लीत निम्म्या लेकी तिनंच लग्नातले धवले गाऊन सासरी धाडलेल्या. डीजेवाला म्हणाला, "आजी, शॉर्टमध्ये घ्या हां, गाडी थांबलीय." शॉर्टमध्ये! लेक काय कुरियरनं जाते?

नवरीची, अक्षदाची ओटी भरून झाली होती. तिची आई किर्ती खांबाला टेकून उभी.

*कोनाची गो लेक चालली?*

विठानं विचारायचं, मागच्या बायांनी तेच उचलायचं. मग बापाचं नाव घालून ओळ, मग आईचं, मग भावाचं. प्रत्येक नावाला ते माणूस रडतंच, कारण आता गाण्यानं त्याचीच लेक नेलेली असते. सगळ्यात शेवटी मुलीचं नाव आणि आशीर्वाद. नाव पडलं की मुलगी घरातून सुटली. म्हणून तर, विठाच्या मनात आलं, अकरा वर्षं मी एक नाव जिभेवर येऊ दिलं नाही... हळदीच्या बारा दिवस आधी काविळीनं गेलेली माझी पोर. तिची पाठवणी कुणी गायलीच नाही, मग ती जाणार कुठे? घरातच असते. मी दोन ताटं घेते. लोक म्हणतात, म्हातारीला चळ लागलाय. लागू दे.

बापाची, कैलासची ओळ झाली, किर्तीची झाली, भाऊ सुयोगची झाली.

*चंद्री गो बाय चालली, सुखान नांद गो...*

अक्षदाच्या जागी विठाच्या तोंडून आपल्याच पोरीचं नाव गेलं होतं. पण बायांना काय, पुढची गाईल ते मागच्यांनी म्हणायचं – वीसेक गळ्यांनी नाव उचललं, *चंद्री गो बाय चालली*, साधंच, दळताना म्हणावं तसं. कुणी हसलं नाही. थांबावं? अर्धी सोडलेली पाठवणी नवरीला बाधते, हे तिनंच साऱ्यांना शिकवलेलं. मग दुसऱ्यांदाही तेच गायला हवं. कडवं दोनदाच गायचं असतं. जाऊ नकोस, असं मनात ओरडत तिनं तोंडानं गायलं, *भरल्या घरी जा गो, मांगारी बघू नको*. आणि लगेच अक्षदाचं नाव घालून पुन्हा पहिल्यापासून, नीट.

अक्षदाचं रडणं मात्र मघाच थांबलं होतं, त्या चुकीच्या नावापाशी. "अक्षदा, ए अक्षदा!" सुयोग हाका मारत होता. ती वळली नाही. कोरड्या डोळ्यांनी, भलतीच हलकी होऊन गाडीत बसली... बाजूला सरकून, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी. मी काय लावून दिलं या पोरीच्या मागं?

गाडी गेली. मांडवात पोरं खुर्च्या आवरू लागली.

"विठाआते, आता जेवूनच जा," किर्ती डोळे पुसत म्हणाली. "घरी कोन हाय तुझी वाट बघाला?"

हा प्रश्न विठाला नेहमीचाच. दर वेळी मनात आपोआप उत्तर उठायचं – हाय की.

आजही तिनं आत चाहूल घेतली. उत्तर आलं नाही.