कोपऱ्यातला हात

दुकानदाराने ब्रॅकेट भिंतीवरच्या फळीला अडकवलं आणि दोन बोटांनी पुढे ओढलं. घडी घातलेला लोखंडी हात कोपरातून उलगडला, मनगटातून वळला आणि हवेत स्थिर राहिला. टोकाला नमुन्याचा टीव्ही लटकत होता. तो ना डुलला, ना खाली झुकला.

"हं, ढकला," दुकानदार म्हणाला.

लेकीने एका बोटाने ढकलला. टीव्ही असा वळला, जणू त्याला वजनच नव्हतं. ती तीन-चार वेळा वळवत राहिली. पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेल्या मुलीला तरफेचं नवल काय, असं कोणी म्हणेल. पण पुस्तकातली तरफ कागदावर असते. इथे नऊ किलो वजन भिंतीपासून लांब, नुसत्या हवेत टेकून उभं होतं.

"घरी कोण बघणार?" दुकानदाराने विचारलं.

"बाबा. त्यांची मान वळत नाही."

"मग हेच घ्या. खोक्यावर बघा, नव्वद अंश वळतं."

खोक्यावर खरंच नव्वद लिहिलं होतं, ठळक अक्षरांत, बाणासकट. लेकीने ते घेतलं.

बाबा घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून त्यांनी लोकांच्या घड्याळांची पोटं उघडली. शेवटी मानेचे मणके एकमेकांवर घासायला लागले, हाताला मुंग्या यायला लागल्या आणि डॉक्टरांनी पत्रा आणि स्क्रू घालून मणके एकत्र बांधून टाकले. मुंग्या गेल्या. मानही गेली, म्हणजे होती तिथेच होती, पण वळायची नाही. बाजूला बघायचं तर बाबांना खांद्यांसकट सगळं अंग फिरवावं लागे.

तेव्हापासून ते निजायच्या खोलीत जेवायला लागले. तिथे लहान टीव्ही पलंगाच्या समोरच होता. आई ताट आत नेऊन द्यायची आणि स्वतः ओट्याशी उभ्या उभ्या चार घास खायची. विचारलं की म्हणायची, "मला काय, मी चाखतच असते." लेकीने महिनोन्महिने हे पाहिलं आणि तिच्या मनाने घेतलं, की बाबांना टेबलावर परत आणायचं. स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल आणि बसायची जागा, तिन्ही एकाच मोठ्या खोलीत. तिथे मोठा टीव्ही आणला की बाबा येतील. सरळ हिशेब.

अडचण होती ती जागेची. उंच पाठीची, हात टेकायची बाबांची खुर्ची टेबलाच्या एकाच टोकाला मावायची. तिथे बसलं की नाकासमोर खोलीचा कोपरा. टीव्ही भिंतीला सपाट लावला तर बाबांना तो तिरका दिसणार, आणि त्या पडद्याकडे तिरकं पाहिलं की काळा रंग राखाडी होतो, चेहरे पांढुरके पडतात. म्हणजे टीव्ही कोपऱ्यात, बाबांकडे तोंड करून बसला पाहिजे. म्हणजे हाताचं ब्रॅकेट.

घरी आल्यावर लेकीने आधीच आणून ठेवलेल्या मोठ्या टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा टीव्हीच्या मापाने कापला. कोपऱ्याच्या एका बाजूची भिंत विटांची, दुसरी नुसत्या फळ्यांची, आतून पोकळ. तिने विटांचीच निवडली, कोपऱ्यापासून हातभर सोडून. तिथून ब्रॅकेटचा हात जितका बाहेर येतो तितक्या अंतरावर तिने आईला पुठ्ठा धरायला लावला.

"मी खिळा आहे का?" आई म्हणाली.

"तू आर्म आहेस. आता बाबांच्या खुर्चीकडे वळव."

पुठ्ठा वळला, भिंतीला न लागता. खुर्चीत बसून लेकीने पाहिलं. अगदी समोर. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"झालं?" आईने विचारलं. "हात दुखले."

"थांब, तुझ्याकडेही वळवून बघू. ओट्याकडे."

ओटा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच विटांच्या भिंतीला आडवा. आई त्याच्यामागे उभी राहिली की तिचं तोंड याच कोपऱ्याकडे. लेकीने पुठ्ठा स्वतःच्या हातात घेऊन तिकडे वळवायला सुरुवात केली. निम्म्याहून थोडा जास्त वळला आणि मागची कड भिंतीला टेकली. तिने जोर लावला. पुठ्ठा वाकला.

ती पुठ्ठ्याकडे बघत राहिली. उत्तर तिथेच होतं. टीव्ही तीन फूट रुंद, म्हणजे मधल्या सांध्यापासून कडेपर्यंत दीड फूट. काटकोनात वळवायचा तर मागची अर्धी बाजू भिंत आणि सांधा यांच्यामध्ये मावली पाहिजे. हात बाहेर येतो सव्वा फूट. सांधा नव्वद अंश वळतो हे खरं, खोक्यावर खोटं लिहिलेलं नव्हतं. फक्त तो नुसता सांधा होता, टीव्ही नव्हता. टीव्ही लावला की नव्वदाचे पन्नास-पंचावन्न होतात.

"काय खडखड चाललीये?"

बाबा दारात उभे होते. त्यांनी अंग फिरवून आधी पुठ्ठा पाहिला, मग लेक, मग आई.

"टीव्ही बसवतोय," आई म्हणाली. "तुमच्या लेकीने मला आर्म केलंय."

"अहो बाबा, जरा खुर्चीत बसून बघा ना. तुम्हाला दिसतोय का."

बाबा कुरकुरत बसले. पुठ्ठा त्यांच्याकडे वळला. "दिसतोय. छान आहे कार्यक्रम. आवाज जरा कमी करा."

आई हसली. लेकीला वाटलं, जमलं. पण बाबा उठून उभे राहिले होते.

"आणि ही कुठून बघणार?"

"आईला तिकडून थोडं तिरकं दिसेल," लेक म्हणाली. "पूर्ण नाही वळत. पण तुम्हाला एकदम समोर येतो."

"म्हणजे परत माझ्यासाठीच." बाबांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या मानेसाठी पलंग फिरवला, आरसा फिरवला, आता टीव्हीही. तिची मान तर वळते ना, मग तिने वळवावी, असंच ना? नको. परत कर ते. मी आत बरा आहे."

आणि ते गेले. दार आदळलं नाही, नुसतं लागलं. ते जास्त लागलं.

"जाऊ दे," आई म्हणाली. "मला कुठे बघायचंय."

पण लेकीला आपली चूक आता लख्ख दिसत होती, आणि ती गणिताची नव्हती. तिने सगळी मापं खुर्चीपासून घेतली होती. घरात आता सगळी मापं तिथूनच घेतली जात होती. ओट्याची बाजू तिने सर्वांत शेवटी, सहज म्हणून तपासली होती.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली, ब्रॅकेट परत केलं आणि लांब हाताचं मागितलं.

"दोन फूट बाहेर येणारं आहे," दुकानदार म्हणाला. "पण भिंत कशी आहे? हात लांबला की ओढ वाढते."

"विटांची. बघू द्या ना पट्टी."

भिंतीला बसायची पट्टी तिने बोटांनी मोजली, ती वीतभर उंच भरली, आणि तिथेच मनात आकडेमोड केली. हात पूर्ण बाहेर असताना वजनाचं अंतर पट्टीच्या उंचीच्या तिप्पट. म्हणजे वरचे बोल्ट टीव्हीच्या तिप्पट वजनाने भिंतीतून बाहेर खेचले जाणार, अहोरात्र, आणि खोलीतल्या कोणालाही ते दिसणार नाही. दिसेल तो फक्त हवेत निवांत उभा टीव्ही. घरातल्या किती गोष्टी अशा उभ्या असतील, तिला वाटलं, ज्यांचे बोल्ट आपण कधी पाहिलेच नाहीत.

"नको असेल तर आखूडच घ्या," दुकानदार म्हणाला.

"नाही. हेच."

फिटर आला तो दुपारी. भिंतीवर बोटं वाजवत गेला, खूण केली, ड्रिल लावलं. लाल भुकटी गळायला लागली तसा म्हणाला, "वीट पक्की आहे. नुसतं प्लॅस्टर असतं तर पांढरं आलं असतं."

ड्रिलच्या आवाजाने बाबा बाहेर आले. हत्यार चालू असताना कारागीर आत बसून राहत नाही. भोकात लोखंडी फास्टनर गेले, पट्टी बसली, बोल्ट आवळले गेले. फिटरने टीव्ही लटकवायच्या आधी रिकामा हात पूर्ण बाहेर ओढला आणि स्वतःचं बरंच वजन त्यावर टाकलं. हात हलला नाही.

"पत्रा आणि स्क्रू," बाबा म्हणाले. त्यांनी मानेच्या मागे बोट नेलं. "माझ्यात आहे तसाच."

"तुमचा वळत नाही पण," आई म्हणाली.

"डॉक्टरने स्वस्तातला बसवला."

फिटर हसता हसता थांबला, हसावं की नाही ते त्याला कळेना.

टीव्ही चढला. फिटरने सांध्याचा स्क्रू थोडा थोडा आवळला, म्हणजे टीव्ही हाताने वळेल पण आपोआप फिरणार नाही. वायर त्याने हात पूर्ण उघडा असतानाच बांधली, मध्ये सैल वळसा सोडून. मग बाजूला झाला. "घ्या, वळवा कोणीतरी."

लेक पुढे होणार होती. पण बाबा आधी पोचले. त्यांनी कडेला एक बोट लावलं. घड्याळाचा सर्वांत बारीक काटा सरकवायला लावावं तसं, हलकं. टीव्ही वळला. भिंतीकडून खुर्चीकडे, खुर्चीकडून टेबलावरून पुढे, पार ओट्यापर्यंत. कुठे अडला नाही. बाबा त्याच्यासोबत, खांद्यांसकट, सगळ्या अंगाने वळत गेले, आणि दोघेही आईसमोर येऊन थांबले.

लेक आ वासून पाहत होती. भिंतीतली ती ओढ तिला माहीत होती, आकड्यासकट. तरीही बोटाच्या टोकाशी त्यातलं काहीच उरलं नव्हतं.

संध्याकाळी आईने ताट वाढलं आणि सवयीने आतल्या खोलीकडे निघाली. बाबा खुर्चीत बसले होते. टेबलाच्या टोकाला.

तिने ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि ओट्यामागे गेली. पडद्यावर समुद्राच्या तळाचा कार्यक्रम चालू होता. काळ्याभोर पाण्यात एक मासा स्वतःच्या उजेडात पोहत होता.

"अगं, हे बघ," बाबा म्हणाले.

"दिसत नाही मला इथून. तुमच्याकडे आहे तो."

बाबा उठले. कोपऱ्यात गेले, एका बोटाने टीव्ही ओट्याकडे वळवला आणि परत खुर्चीत येऊन बसले. आता त्यांना पडदा तिरका दिसत होता, काळं पाणी राखाडी आणि मासा पांढुरका. त्याच्याकडे बघत ते जेवायला लागले.

"बाबा, तुम्हाला नीट दिसत नाहीये," लेक म्हणाली.

"ऐकू येतंय की."

आईने थोडा वेळ मासा पाहिला. मग तिने गॅस बंद केला, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि टेबलाशी येऊन बाबांच्या बाजूच्या खुर्चीत बसली. आता पडदा कोणालाच नीट दिसत नव्हता. रिकाम्या ओट्याला तो मासा एकटाच पोहून दाखवत होता.

बाबा खांद्यांसकट तिच्याकडे वळले. "अगं, तुझ्यासाठी वळवला ना तिकडे."

"मग वळवा इकडे."

"जेवू दे आधी," बाबा म्हणाले.