सहा सेकंदांचा कोट

शब्द म्हणजे माणसाचे दुसरे डोळे होत, असं लेखकाचं ठाम मत होतं. त्याच्या दोन कादंबऱ्यांच्या मागच्या कव्हरवर हे वाक्य छापलेलं होतं. दोन्ही कादंबऱ्यांच्या बऱ्याचशा प्रती त्याच्याच पलंगाखाली असल्याने ते फारसं कुणाच्या दृष्टीस पडलं नव्हतं.

पलंगाखालचा साठा पाहूनच मेहुणीने त्याला या कामाला लावलं. ती आवाज द्यायची. आंधळ्या प्रेक्षकांसाठी चित्रपटातल्या दोन संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडद्यावर काय दिसतंय ते सांगायचं, असं ते काम. वाक्यं लेखकाने लिहायची, मेहुणीने वाचायची आणि बाईंनी तपासायची. बाई निवृत्त शिक्षिका. बाराव्या वर्षी दृष्टी गेलेली. त्यांची सही झाल्याशिवाय वर्णन थिएटरात जात नसे.

लेखकाचं वर्णन दोनदा परत आलं होतं. तिसऱ्यांदा आलं, तर यादीतून नाव कमी. शिवाय त्याची शिफारस मेहुणीने केलेली, म्हणजे रविवारी सासुरवाडीला जेवायलाही तोंड राहणार नव्हतं.

स्टुडिओ सहापर्यंत त्यांचा होता. सहानंतर रंगाच्या डब्याची जाहिरात. साडेपाच वाजले होते आणि बाई एकाच दृश्यावर अडून बसल्या होत्या.

दृश्य साधं होतं. वडील गेल्यानंतर मुलगी त्यांच्या खोलीत येते, कपाट उघडते. बाहेरून भाऊ हाक मारतो, "ताई, निघायचं ना?" हाकेच्या आधी सहा सेकंद मोकळे.

काचेपलीकडे मेहुणीने दम घेतला आणि वाचलं, "एका अतिशय जुन्या, काळोख्या, खरोखरच उदास खोलीत ती अत्यंत हळुवारपणे, खूपच जड अंतःकरणाने वडिलांच्या जीर्ण, मळकट, प्रिय कोटाला..."

"ताई, निघायचं ना?" भाऊ म्हणाला. कोटाला काय, ते भावाखाली गाडलं गेलं.

"अकरा सेकंद," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "आणि पळवूनसुद्धा."

"भाऊजी, माझ्या फुप्फुसांना पण थोडी विशेषणं द्या," मेहुणी माइकमधून म्हणाली. "त्यांना लागतील."

बाई हसल्या नाहीत. "अहो लेखक, तुमची कादंबरी ऐकलीय मी. पुतणी वाचून दाखवायची. 'अत्यंत' म्हणता म्हणता तिचा घसा बसला. पुढं सोडूनच दिली."

"कुठे सोडली?"

"पान सतरा. भपका कापा."

लेखकाचे कान तापले. त्याने लाल पेन काढलं आणि कागदावर तुटून पडला. अतिशय गेलं. खरोखरच, अत्यंत, खूपच गेलं. जीर्ण, मळकट, प्रिय, सगळे एका रेघेत गेले. हात थांबेना. त्याने कागद आत पाठवला.

मेहुणीने वाचलं, "खोली. ती कोट उचलते."

मग चार सेकंद शब्दच नाहीत. भाऊ आला, हाक मारून गेला.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "सामान उतरवून घेताय का? एक खोली, एक कोट, सही करा."

"तुम्हीच म्हणालात ना कापा!"

"भपका कापा म्हणाले. तुम्ही चित्रच कापलंत. मघाशी मला काही दिसत नव्हतं, कारण तुम्ही समोर उभे होतात. आता तुम्ही बाजूला झालात, पण खोलीही घेऊन गेलात."

घड्याळात पाच एकोणचाळीस. जाहिरातवाला दारातून डोकावला, "वेळेत ना?" म्हणाला.

"खोली उदास आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"दिसतंच की."

"काय दिसतं? उदास दिसत नाही. काहीतरी दिसतं, मग तुम्ही उदास म्हणता. ते काहीतरी मला द्या. उदास मी माझी होईन."

रेकॉर्डिस्टने दृश्य पुन्हा लावलं. लेखक पडद्याला नाक लावून बसला. कपाट. दांडीवर हँगर. दहा-बारा असतील, सगळे रिकामे. शेवटच्यावर कोट. मुलगी तो उचलत नाही, हे त्याला आत्ता कळलं. नुसती खिशात हात घालते. तीन आठवडे तो जे उचलवत होता, ते कुणी उचललंच नव्हतं.

"आणि तो आवाज कशाचा?" बाईंनी विचारलं.

"कोणता आवाज?"

मेहुणीने काचेपलीकडे डोळे मिटून घेतले.

"भावाच्या हाकेआधी. छनछन होते ती," बाई म्हणाल्या. "आधी तुमचं वाक्य तिच्यावर बसलं होतं, आता मोकळी वाजते. तुम्हाला ऐकू आली नाही?"

"मी..." लेखकाने घसा साफ केला. "मी आवाज बंद करून लिहितो. एकाग्रता होते."

रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याने एवढ्या हळू काहीच ठेवलं नव्हतं.

बाईंनी पर्समध्ये पेन परत टाकलं. सहीचं पेन. लेखकाला चेन बंद झालेली ऐकू आली. आता सगळंच ऐकू येत होतं.

"एकदा आवाज मोठा करून दाखवा," तो म्हणाला. "एकदाच."

पाचव्या सेकंदाला खिशात किल्ल्या वाजल्या. घराच्या किल्ल्या. मुलगी हलत नाही. मग भाऊ म्हणतो, "ताई, निघायचं ना?" आता त्या प्रश्नाला दात होते.

पाच एकावन्न. त्याने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. 'थरथरत्या हाताने' आपोआप उतरलं. पडद्यावर हात थरथरत नव्हता, त्याने ते उडवलं. मग 'रिकाम्या' या शब्दावर पेन टेकवून थांबला.

"बाई, हेही विशेषणच. काढू?"

"काढलंत तर काय होईल?"

त्याने विचार केला. "नुसते हँगर. कपडे असतीलही त्यांच्यावर."

"मग? कपाट भरून टाकताय होय! राहू दे त्याला. तो कामाला आलाय."

मेहुणीने कागद घेतला. या वेळी तिला पळावं लागलं नाही.

"रिकाम्या हँगरांमध्ये एक कोट. ती खिशात हात घालते."

किल्ल्या वाजल्या.

भावाने हाक मारली. बाईंचा हात खुर्चीच्या दांडीवरून उठला आणि हवेत, कोटाच्या उंचीवर, क्षणभर थांबला.

"घर बंद करायचंय तिला," त्या म्हणाल्या.

"हो."

"हे तुम्ही सांगितलं नाहीत."

"नाही."

"शहाणे झालात." त्यांनी पर्सची चेन उघडली. "पण चित्रपटात या दृश्याच्या चोवीस मिनिटं आधी अंत्यविधी आहे, तिथे 'ती खरोखर अत्यंत दुःखाने रडते' असं लिहिलंय तुम्ही. रडलेलं मला ऐकू येतं. ते उडवा, सही करते."

त्याने ते पूर्ण वाक्य उडवलं. त्या जागी काय लिहावं म्हणून पडद्याकडे पाहिलं, आणि काहीच लिहिलं नाही. मुलगी रडत होती, तेवढं पुरत होतं.

पाच अठ्ठावन्नला सही झाली. मेहुणी बाहेर आली, "भाऊजी, रविवारी या," एवढंच म्हणाली.

लेखकाचं नाव यादीत राहिलं. पुढच्या आठवड्यात त्याला दुसरा चित्रपट मिळाला. त्यात लिफ्टमध्ये अडकलेले दोन भाऊ पावणेदोन तास भांडतात. वर्णनाला जागा एकूण अडतीस सेकंद आहे, आणि त्यांतले बारा सेकंद लाइट गेलेले आहेत.