‘पा.’ म्हणजे काय?

गुरुवारी सकाळी गढूळ चंबू नितळ झाला आणि संशोधकाची साडेचार वर्षं सार्थकी लागली. म्हणजे चंबू नितळ झाला; सार्थकी वगैरे काही लागलं नाही. तुम्ही काही वाचलेलं नाही. पुढे चला.

संशोधकाला शुक्रवारच्या समितीकडून सहा महिन्यांची मुदतवाढ हवी होती; नाहीतर वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात फ्रेमा पुसणं नक्की होतं. त्यासाठी दोन चंबू. दोन्हींत एका रुग्णाच्या जखमेतले, औषधांना भीक न घालणारे क्लेबसिएला जिवाणू, इतके कोट्यवधी की द्रावण ढगाळ दिसे. एका चंबूत वर डेलोव्हिब्रिओ सोडायचे, दुसऱ्यात तुलनेसाठी नुसतं साधं द्रावण.

डेलोव्हिब्रिओ म्हणजे इवलासा शिकारी जिवाणू. सावजाला धडकतो, बाहेरच्या भिंतीला भोक पाडून आत शिरतो, भोक बुजवतो आणि भिंत व आतला पडदा यांच्यामधल्या बोळात बिऱ्हाड थाटून यजमानाला आतून खातो. खाऊन लांबलचक होतो, त्याची पोरं होतात आणि घर फोडून सगळी पुढच्या घरी. लॅबमध्ये त्यांना ‘पाहुणे’ म्हणत. साडेचार वर्षं मुक्काम ठोकलेल्या संशोधकाला अर्थातच ‘जावईबापू’.

“ताई, नितळ झाला!” तो शेजारच्या टेबलावरच्या सीनियरला म्हणाला.

“बघितलं. आता दुसरा बघ.”

दुसराही नितळ होता. तो गढूळच राहायला हवा होता. चंबूंनाही काही जबाबदारी असते.

“यात काय घातलंस?”

“पाणीच म्हण. बाटलीवर ‘पा.’ लिहिलंय ना.”

“आणि पाहुण्यांच्या बाटलीवर?”

संशोधकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अक्षर बदललं नाही.

“पा.”

“धन्य आहात, जावईबापू.”

त्याच्या मार्गदर्शक मॅडमनी दोन्हींतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. “दोन्हीकडे तुझे पाहुणे सुसाट पळताहेत. उरलेसुरले क्लेबसिएला फुगून गोल झालेत, आत कुणीतरी जेवतंय.”

“म्हणजे काम झालं ना, मॅडम?”

“मला पटलं. समिती म्हणेल, कशावरून ते आपले आपण मेले नाहीत? तुलनेला काय उरलंय?”

“मी उरलोय.”

“पुन्हा लाव.”

“दोन दिवस लागतील. समिती उद्या आहे.”

वडील फ्रेमा मोजताना पाहतात, तसं मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. मग तो टेबलाशी बसला आणि लिहू लागला.

प्रति, मुदतवाढ समिती.
विषय: चंबू क्र. २ गढूळ समजण्याबाबत.

महोदय, सदर चंबूत पाहुण्यांनी निमंत्रणाशिवाय प्रवेश केला असून, त्यात अर्जदाराच्या हस्ताक्षराचा किरकोळ सहभाग आहे. तरी सदर चंबू पूर्वलक्षी प्रभावाने गढूळ असल्याचे घोषित करावे, आणि शुक्रवार हा वार रविवारनंतर घ्यावा, ही नम्र विनंती.